मुंबईत विमान बदलायचंय? टी-१, टी-२ आणि नवी मुंबई यांमधला वेळ कसा मोजायचा

तिकिटं शोधताना पडद्यावर दिसतं, 'मुंबईत थांबा : ३ तास ४० मिनिटं'. तेवढा वेळ भरपूर आहे असं वाटून आपण पैसे भरतो. पण एक विमान सांताक्रूझच्या टर्मिनलवर उतरणार असेल आणि दुसरं सहारच्या टर्मिनलवरून सुटणार असेल, तर हे ३ तास ४० मिनिटं तुमचे नसतात. तुमचा वेळ पट्ट्यावरची बॅग हातात आल्यावर सुरू होतो, आणि दुसऱ्या विमानाचा चेक-इन काउंटर बंद झाला की संपतो. या दोन क्षणांच्या मध्ये किती मिनिटं उरतात, एवढाच हिशोब खरा. तो घरी बसून, तिकीट काढण्यापूर्वी करता येतो. तो कसा करायचा ते पुढे सांगतो.

आधी कोणतं टर्मिनल आहे ते बघा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाला दोन टर्मिनल आहेत. टी-१ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून आहे. तिथून फक्त देशांतर्गत विमानं सुटतात. टी-२ सहारला, अंधेरी पूर्वेला आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या टर्मिनलवरून आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत अशी दोन्ही प्रकारची विमानं जातात. धावपट्ट्या दोघांना एकच, पण प्रवाशांसाठी दोन्ही इमारती पूर्ण वेगळ्या आहेत. एकीतून दुसरीत जायला रस्त्याने चारपाच किलोमीटर जावं लागतं.

बहुतेक गोंधळ इथेच होतो. जुने मुंबईकर आणि टॅक्सीवाले अजूनही टी-१ ला 'डोमेस्टिक' आणि टी-२ ला 'इंटरनॅशनल' म्हणतात. तुम्ही सहज म्हणालात की 'डोमेस्टिकला सोडा', तर तो तुम्हाला टी-१ ला नेणार. तुमचं दिल्लीचं किंवा बंगळुरूचं विमान मात्र टी-२ वरून असू शकतं. एकाच कंपनीची काही देशांतर्गत विमानं टी-१ वरून आणि काही टी-२ वरून सुटतात, त्यामुळे कंपनीच्या नावावरून टर्मिनल ओळखायला जाऊ नका. तिकिटावर उड्डाण क्रमांकाशेजारी टर्मिनल लिहिलेलं असतं, तेच धरायचं. शिवाय प्रवासाच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपवर ते पुन्हा बघायचं, कारण तिकीट काढल्यानंतर टर्मिनल बदलल्याचे संदेश येतात आणि ते जाहिरातींच्या गर्दीत न वाचता राहून जातात. टॅक्सीत बसल्यावर 'टी-टू, सहार' असं आकड्यासह सांगा.

आता याच्या जोडीला नवी मुंबईचा विमानतळही आला आहे. तिथून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुटू लागली. त्याचा कोड NMI, जुन्या विमानतळाचा BOM. तिकीट शोधताना 'मुंबई, सर्व विमानतळ' असा पर्याय निवडला तर एक विमान BOM ला उतरणारं आणि दुसरं NMI वरून सुटणारं अशी जोडी समोर येऊ शकते, आणि शहराचं नाव वाचून ती एकाच जागेची वाटते. म्हणून शहराचं नाव न वाचता ती तीन अक्षरं वाचा. गोव्यातही हीच अडचण आहे. दाबोळीचा कोड GOI आणि ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या मोपाचा GOX. एक वास्कोजवळ, दुसरा पेडण्यात. मध्ये जवळपास अर्धा गोवा पार करावा लागतो.

तिकीट एक की दोन

लागणारा वेळ आणि चुकल्यास होणारं नुकसान, दोन्ही या एका प्रश्नावर ठरतात. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील, तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तरी पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम असतं. एका तिकिटावर जोडी विकताना कंपनीची प्रणाली त्या विमानतळासाठी ठरवलेला किमान वेळ तपासते आणि त्याहून कमी अंतराची जोडी सहसा विकतच नाही. पण तो किमान वेळ सगळं सुरळीत चालेल असं धरून ठरवलेला असतो. तो आरामाचा वेळ आहे असं समजू नका.

तिकिटं वेगवेगळी असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही नुसते उशिरा आलेले प्रवासी असता. पहिलं विमान दोन तास उशिरा आलं याच्याशी तिला काही घेणंदेणं नसतं. स्वस्तात पडतं म्हणून आपण दोन तिकिटं काढतो, आणि ते चूकही नाही. फक्त विमान चुकण्याची जोखीम तेव्हा आपण स्वतःवर घेतलेली असते, म्हणून वाचलेल्या पैशांच्या बदल्यात जास्त वेळ ठेवावा लागतो.

बॅगेचंही तसंच. एका तिकिटावर असाल तर पहिल्या विमानतळावर काउंटरवर विचारा, 'बॅग शेवटपर्यंत जाणार का?' आणि तोंडी उत्तरावर न थांबता बॅगेला लावलेली पट्टी स्वतः वाचा. तिच्यावर मोठ्या अक्षरात शेवटच्या विमानतळाचा कोड असेल, म्हणजे दुबईसाठी DXB, तर मुंबईत पट्ट्यापाशी थांबायची गरज नाही. BOM असेल तर बॅग मुंबईत घ्यायची आहे. वेगळ्या तिकिटांवर ती मुंबईत घ्यावीच लागेल असं धरून चाला.

वेगळ्या तिकिटांची आणखी एक अडचण वजनाची. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो बॅग चालते, परदेशी विमानात अनेकदा २३ किलोच्या दोन. परदेशी जायचं म्हणून भरलेल्या ४० किलोंचं नागपूर-मुंबई टप्प्यावर जादा भाडं पडतं, आणि ते भरण्यासाठी वेगळी रांग असते. ऐनवेळी त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा जादा वजन आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा.

माझ्या आईबाबांचा प्रवास, मिनिटांच्या हिशोबाने

आईबाबा नागपूरहून दुबईला माझ्या बहिणीकडे गेले, तेव्हा मुंबईत त्यांच्यासोबत मी होतो. तिकिटं वेगवेगळी होती. विमान दुपारी ४:५० ला टी-१ वर पोचणार होतं आणि दुबईचं रात्री ९:१५ ला टी-२ वरून होतं. म्हणजे कागदावर ४ तास २५ मिनिटं. दिवस शुक्रवार. मी वेळा फोनमध्ये टिपून ठेवल्या होत्या.

विमान ३५ मिनिटं उशिरा, ५:२५ ला जागेवर लागलं. ते पुलाला न लागता लांब उभं राहिलं, म्हणून प्रवाशांना बसने इमारतीत आणलं. ते दोघे पट्ट्यापाशी पोचले तेव्हा ५:४५ झाले होते. बॅगा ६:०५ ला आल्या. बाहेर येऊन टॅक्सीत बसेपर्यंत ६:२०. महामार्गावर शुक्रवारची संध्याकाळ असल्याने चारपाच किलोमीटरला ३५ मिनिटं लागली. ६:५५ ला आम्ही टी-२ च्या दारात उतरलो. दारावर सीआयएसएफचे जवान प्रत्येकाचं तिकीट आणि ओळखपत्र बघतात, तिथे रांग होती. दोघे आत गेले तेव्हा ७:१० झाले होते. चेक-इनच्या रांगेतून बोर्डिंग पास घेऊन बाहेर पडायला ७:४५. काउंटर बंद होणार होता ८:१५ ला, म्हणजे उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी. त्यानंतर इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी संपली ८:३५ ला. गेट बंद व्हायला वीसेक मिनिटं होती.

सव्वाचार तासांहून जास्त वेळ असूनही शेवटी हातात वीस मिनिटं उरली. वाटेत काहीही मोठं बिघडलं नव्हतं. ३५ मिनिटांचा उशीर, थोडी वाहतूक, नेहमीच्या रांगा, बस्स. मधलं अंतर साडेतीन तासांचं असतं, तर ते बोर्डिंग पास घेत होते त्याच्या आत त्यांचं काउंटर बंद झालं असतं. उड्डाण ८:२०, म्हणजे काउंटर ७:२० ला बंद, आणि ते दारातून आत आले ७:१० ला. रांगेत उभ्या असलेल्या माणसासमोर काउंटर बंद होतो, हे लक्षात घ्या.

हाच प्रवास एका तिकिटावर, बॅग थेट दुबईला लावलेली आणि दोन्ही बोर्डिंग पास नागपूरलाच मिळालेले, असा असता तर पट्ट्यापाशी थांबणं आणि चेक-इनची रांग दोन्ही वाचले असते. मिळून जवळजवळ एक तास. शिवाय विमानाला उशीर झाला असता तर पुढची सोय कंपनीने केली असती.

किती वेळ ठेवायचा

वरच्या हिशोबातून आणि आजवरच्या ये-जा करण्यातून मी हे आकडे पाळतो. टी-१ वर उतरून टी-२ वरून परदेशी जायचं असेल, तिकिटं वेगळी आणि बॅगा मोठ्या असतील, तर पाच तास. एक तिकीट आणि थेट बॅग असेल तर तीन तास चालतात, साडेतीन असतील तर मन शांत राहतं. टी-१ वर उतरून टी-२ वरून पुन्हा देशांतर्गत विमान पकडायचं आणि फक्त हातातली बॅग असेल तर अडीच-तीन तास पुरतात. बॅगा टाकायच्या असतील तर साडेतीन.

स्वतःचा आकडा काढायचा तर उलटं मोजा. दुसऱ्या विमानाच्या वेळेतून काउंटर बंद होण्याचा वेळ वजा करा. बहुतेक परदेशी विमानांचा तो ६० मिनिटं असतो, काहींचा ७५, तुमच्या कंपनीचा नियम तिकिटासोबतच्या सूचनांत असतो. त्यातून रांगेचा वेळ, मग दारावरचा, मग रस्त्याचा, मग टॅक्सी शोधण्याचा, मग बॅगेचा वजा करा. जो वेळ हाती येईल तो पहिलं विमान जास्तीत जास्त किती वाजता उतरलेलं चालेल ते सांगतो. आता तिकिटावरचा उतरण्याचा वेळ त्याच्यापेक्षा किमान दीड तास आधीचा असायला हवा. तसा नसेल तर ती जोडी सोडून द्या.

दोन गोष्टींसाठी आणखी वेळ धरा. एक पावसाळा. जून ते सप्टेंबर मुंबईत विमानं आकाशात घिरट्या घालत राहतात, आणि रस्ताही तुंबतो. त्या महिन्यांत मी एक तास वाढवतो. दुसरी गोष्ट धावपट्ट्यांची दुरुस्ती. मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याआधी आणि नंतर एकेका दिवशी काही तास पूर्ण बंद ठेवतात. तारीख आधी जाहीर होते आणि त्यानुसार वेळापत्रक बदलतं. मे महिन्याची किंवा पावसाळ्यानंतरची तिकिटं असतील तर वेळ बदलल्याचा संदेश आलाय का ते बघत राहा. पहिल्या विमानाची वेळ तासभर पुढे गेली तरी दुसऱ्या कंपनीला ते कळत नाही, दोन्ही वेळा जुळतात का ते तुम्हालाच पाहावं लागतं.

एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर कसं जायचं

मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी. दोन्ही टर्मिनलवर प्रीपेड टॅक्सीचे काउंटर आहेत, ॲपवरच्या टॅक्सीही मिळतात. टी-१ मधून निघालेली गाडी महामार्गावर येते आणि सहार उन्नत मार्गाने थेट टी-२ च्या वरच्या मजल्यावर, प्रस्थानाच्या दारात सोडते. मध्यरात्री पंधरा मिनिटं लागतात. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळांत पाऊण तास धरा. इतकं जवळचं भाडं ॲपवरचे चालक कधीकधी स्वीकारून मग रद्द करतात, त्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. घाई असेल तर थेट प्रीपेडच्या खिडकीवर जा.

पुढच्या विमानाचं तिकीट दाखवणाऱ्या प्रवाशांसाठी दोन टर्मिनलांमध्ये विमानतळाची बसही असते. बाहेर पडण्याआधी आगमन कक्षातल्या मदत कक्षाजवळ ती कुठे लागते आणि पुढची किती वाजता आहे ते विचारा. वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागणार असेल तर बसचा नाद सोडा.

तिसरा मार्ग मेट्रोचा, आणि कमी सामान असेल तर गर्दीच्या वेळी तोच सगळ्यांत भरवशाचा आहे. मेट्रो ३, म्हणजे ॲक्वा लाइन, आरे ते बीकेसी या टप्प्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यावर टी-१ आणि टी-२ या दोन्हींची स्थानकं आहेत, मध्ये फक्त सहार रोड हे एक स्थानक. प्रत्यक्ष गाडीत काही मिनिटंच जातात. पण इमारतीतून स्थानकापर्यंत चालणं, खाली उतरणं, बॅग तपासून घेणं, गाडीची वाट पाहणं आणि पलीकडे पुन्हा वर येणं धरून अर्धा तास समजा. हा अर्धा तास शुक्रवारी संध्याकाळीही अर्धा तासच राहतो, हेच तिचं मोठेपण. रात्री उशिरा आणि पहाटे मेट्रो बंद असते. परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, पण त्यांच्यासाठी टी-२ ला लवकर पोचायचं असतं, त्यामुळे संध्याकाळी मेट्रो कामी येते. तीन मोठ्या बॅगा आणि वयस्क आईवडील सोबत असतील तर तिच्या वाटेला जाऊ नका.

परदेशातून येऊन पुढे जायचं असेल

उलट्या दिशेचा प्रवास जास्त वेळखाऊ आहे. टी-२ वर उतरल्यावर इमिग्रेशन, मग बॅगा, मग कस्टम्स. तिकीट एकच असलं आणि बॅगेला पुढच्या गावाचा कोड असला तरी भारतातल्या पहिल्या विमानतळावर बॅग पट्ट्यावरून घेऊन कस्टम्समधून बाहेर काढावी लागते, हा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून विमानात बसल्याबसल्या 'माझी बॅग थेट नागपूरला' असं समजून पुढे निघून जाऊ नका, ती मुंबईतच पडून राहील. पहाटे एकामागून एक विमानं उतरतात तेव्हा हे सगळं दीड तास सहज घेतं. बॅग घेतल्यावर टी-१ ला जायचं, तिथे पुन्हा दारावरची तपासणी, बॅग टाकणं आणि सुरक्षा. वेगळ्या तिकिटांवर साडेचार-पाच तास ठेवा. अमेरिकेहून किंवा युरोपातून येताना पहिल्या विमानाला तासाचा उशीर ही रोजची गोष्ट आहे, म्हणून मुंबईहून पुढचं विमान सकाळच्या ऐवजी दुपारचं घेतलेलं मला शहाणपणाचं वाटतं.

मुंबई ते नवी मुंबई

इथे हिशोबच बदलतो, कारण हा आता शहर ओलांडण्याचा प्रवास आहे. रस्त्याने ३५-४० किलोमीटर. एक वाट सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने सायन-पनवेल महामार्गावर आणि वाशीच्या पुलावरून जाते. दुसरी शिवडीपर्यंत येऊन अटल सेतूवरून उलव्याकडे उतरते. सेतूवर गाडीला एकेरी २५० रुपये टोल आहे. सेतूवर गाडी पळते खरी, पण सहारहून शिवडीपर्यंत येण्यातच बराच वेळ जातो, म्हणून विमानतळापासून निघताना तो आपोआप जवळचा मार्ग ठरत नाही. दक्षिण मुंबईतून निघणाऱ्याची गोष्ट वेगळी. निघतेवेळी नकाशात दोन्ही वाटा बघा आणि चालकाला आधीच सांगून ठेवा.

दुपारी मोकळ्या रस्त्याने सव्वा-दीड तास, संध्याकाळी दोन तास किंवा त्याहून जास्त धरा. त्यावर बॅगेचा, टॅक्सीचा, दारावरचा आणि काउंटरचा वेळ मांडला, तर वेगळ्या तिकिटांवर देशांतर्गत ते देशांतर्गत जोडीसाठीसुद्धा सहा तासांखाली जाऊ नये. परदेशातून BOM ला येऊन NMI हून पुढे जायचं असेल तर आठ. इतके तास घालवण्यापेक्षा हजार-दीड हजार जास्त देऊन त्याच विमानतळावरून सुटणारं विमान घेणं मला नेहमी बरं वाटतं, कारण टॅक्सी आणि टोल धरले की ती बचत बरीचशी संपलेली असते.

परदेशातल्या शहरातही दोन विमानतळांची जोडी अशीच तपासा. लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकहून जायचं, किंवा टोकियोत नारिताहून हानेदाला, म्हणजे विमानतळाबाहेर पडून त्या देशात शिरणं आलं. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी सहसा त्या देशाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर पहिल्या विमानात बसायच्या आधीच चेक-इन काउंटरवर तुम्हाला थांबवतील.

वेळ कमी पडतोय असं दिसलं तर

मुंबईत विमान जागेवर लागलं की लगेच घड्याळ बघा. काउंटर बंद व्हायला अडीच तासांपेक्षा जास्त असतील तर निश्चिंत राहा. दीड ते अडीच तास असतील तर दोन कामं वाटून घ्या. एकाने पट्ट्यापाशी बॅगेसाठी थांबायचं, दुसऱ्याने बाहेर जाऊन टॅक्सीची पावती करून ठेवायची. बाहेर पडल्यावर मात्र परत आत येता येत नाही, म्हणून दोघांकडे चालू फोन हवा. दीड तासाहून कमी असतील आणि बॅग यायची असेल, तर पोचण्याची शक्यता खरंच कमी आहे. तेव्हा पट्ट्यापाशी उभ्या उभ्याच दुसऱ्या कंपनीला फोन करा किंवा ॲपवरून तारीख बदला.

हा फोन उड्डाणाआधी होणं फार महत्त्वाचं आहे. न कळवता गैरहजर राहिलात तर 'नो-शो' लागतो, आणि त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर बहुतेक वेळा तोही रद्द होतो. उड्डाणाआधी बदल मागितला तर बदलाचा आकार आणि भाड्यातला फरक भरून तिकीट जिवंत राहतं. किती आकार लागेल आणि किती वेळ आधीपर्यंत बदल चालतो, हे तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं. ते पान आणि कंपनीचा फोन क्रमांक घरून निघतानाच फोनमध्ये साठवून ठेवा, कारण विमान धावपट्टीवर रेंगाळत असताना नेटवर्क मिळेलच असं नाही.